दुबईहून आलेले बारा लाख कुठे गेले? वही मांडतो आहे, जाणकारांनी पाहावी

कातळवाट

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील एका वाडीत राहतो. धाकटा भाऊ आयटीआय करून तीन वर्षांपूर्वी दुबईला गेला आणि तेथे वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो. पगार २,२०० दिरहम असून राहण्याची जागा कंपनीची आहे. त्यातून तो दरमहा १,५०० दिरहम घरी पाठवतो. पंधरवड्याला ७५० असे दोन हप्ते, आणि तेही आजवर एकदाही न चुकवता. सगळे पैसे वडिलांच्या बचत खात्यात येतात.

गेल्या महिन्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा रात्री जेवणे झाल्यावर त्याने सहज विचारले, "दादा, माझे म्हणून किती शिल्लक आहे?" मी पासबुक काढले. शिल्लक होती चार हजार रुपये. तो काही बोलला नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पासबुक आणि माझी खर्चाची वही समोर ठेवून छत्तीस महिन्यांचा हिशेब केला, तो असा:

पासबुकात एकूण आले १२,१०,००० रुपये. घरखर्च दरमहा १२,००० प्रमाणे ४,३२,००० झाला. त्याला पाठवण्यासाठी काढलेले कर्ज १,४०,००० होते आणि त्यावर व्याज ८४,००० गेले, म्हणजे ते २,२४,०००. बहिणीचे लग्न २,७०,०००. घराच्या चिऱ्याच्या भिंती आणि स्लॅब २,५०,०००. वडिलांचे औषधपाणी ३०,०००. बेरीज १२,०६,००० होते. म्हणजे पैसा चोरीला गेलेला नाही किंवा उधळलेलाही नाही, आणि तरीही हातात काही नाही.

वाडीत सगळे म्हणतात की दिरहमचा दर देताना पैसे पाठवणारी दुकाने गळा कापतात. तसे असेल तर ते किती? आणि पुढची तीन वर्षे अशीच जाऊ नयेत म्हणून आम्ही नेमके काय बदलावे?

सरळमार्गी

आपण एवढी मोठी रक्कम वडिलांच्या खात्यात घेतली हे मला धोक्याचे वाटते. परदेशी रकमेवर वर्षाला सात लाखांच्या वर २० टक्के कर कापला जातो असे मी वाचले आहे. शिवाय ५०,००० रुपयांपेक्षा मोठी भेट मिळाली की ती उत्पन्नात धरतात. वडिलांनी विवरणपत्र भरले नसेल तर आधी एखाद्या सनदी लेखापालाला भेटा, बाकीचे नंतर पाहा.

खतावणी

मी एका बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो. आधी सरळमार्गी यांची भीती दूर करतो, कारण ती बऱ्याच घरांत असते. त्यांनी वाचलेला कर भारतातून बाहेर जाणाऱ्या पैशावर आगाऊ गोळा केला जाणारा कर आहे. त्याची सात लाखांची मर्यादा एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली आहे, पण बाहेरून आत येणाऱ्या पैशाशी त्याचा काहीही संबंध नाही. ५०,००० रुपयांचा नियम खरा आहे, मात्र तो परक्या माणसाने दिलेल्या भेटीला लागतो. मुलाने वडिलांना, भावाने भावाला किंवा पतीने पत्नीला दिलेले पैसे कितीही असले तरी ते घेणाऱ्याचे उत्पन्न ठरत नाहीत. त्या पैशाची वडिलांनी मुदत ठेव केली तर तिचे व्याज मात्र वडिलांचे उत्पन्न आहे. पत्नीच्या बाबतीत ते व्याज पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते, हा फरक लक्षात ठेवावा.

आता दराचा प्रश्न. भावाला तेथून मिळणारी पावती मागवून घ्या. तिच्यावर तीन आकडे असतात: त्याने किती दिरहम भरले, दर कोणता लागला आणि इकडे किती रुपये निघाले. त्या दिवशीचा बाजारातला मधला दर कोणत्याही चलन संकेतस्थळावर दिसतो. दोहोंतला फरक हा पहिला खर्च आणि पावतीवर वेगळे छापलेले शुल्क हा दुसरा. वाडीतले लोक पहिल्याविषयीच बोलतात, पण आखाती देशांतून येणाऱ्या लहान रकमांत दुसराच बहुधा जड पडतो.

हिशेब सोपा जावा म्हणून मधला दर २३ रुपये, दुकानाचा दर २२.८५ आणि प्रत्येक वेळचे शुल्क २० दिरहम धरू. १,५०० दिरहमवर दरातले नुकसान २२५ रुपये होते. एकदाच पाठवले तर शुल्क ४६० रुपये, म्हणजे एकूण ६८५, साधारण दोन टक्के. आपला भाऊ दोनदा पाठवतो, म्हणून शुल्क ९२० होते आणि एकूण खर्च १,१४५ रुपयांवर, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या जवळ जातो. केवळ महिन्यातून एकदा पाठवल्याने वर्षाला ५,५२० रुपये वाचतील. प्रत्यक्ष आकडे पावती पाहून बदला, पद्धत हीच ठेवा.

कातळवाट

काका, मनापासून आभार. भावाकडून मागच्या दोन पावत्या मागवल्या. शुल्क जवळपास तुम्ही धरले तेवढेच आहे. दोनदा पाठवण्याचे कारण असे की पहिल्या वर्षी कर्जाचे व्याज महिन्याच्या पाच तारखेला द्यावे लागे आणि घरखर्चाला वीस तारखेला पैसे लागत. ती सवय तशीच राहिली.

म्हणजे तीन वर्षांत १,१४५ गुणिले ३६, सुमारे ४१,००० रुपये पाठवण्यातच गेले. लोक म्हणतात ते खरेच आहे तर.

खतावणी

ते खरे आहे, पण ती आपल्या वहीतली सर्वांत मोठी गळती नाही. व्याजाची ओळ पुन्हा वाचा. ८४,००० रुपये, म्हणजे पाठवणावळीच्या दुप्पट. हे कर्ज कोणत्या दराने होते आणि कसे फेडले?

कातळवाट

ओळखीच्या एका सावकाराकडून शेकडा तीन, दरमहा. महिन्याला ४,२०० रुपये व्याज देत होतो आणि मुद्दल विसाव्या महिन्यात एकरकमी फेडले. दलालाने ९०,००० घेतले होते. बाकी विमानाचे तिकीट, वैद्यकीय तपासणी आणि पहिल्या दोन महिन्यांसाठी घरात ठेवलेली रक्कम.

परतलेला गडी

मध्येच बोलतो, माफ करा. मी अकरा वर्षे शारजा आणि अबुधाबीत काढून परत आलो आहे. नोंदणीकृत भरती दलालाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, यापेक्षा जास्त घेता येत नाही. नव्वद हजारांची पावती तुमच्या भावाकडे नसणार, कारण तशी पावती कोणी देतच नाही. मी स्वतः २००९ साली ७०,००० दिले होते आणि मलाही कागद मिळाला नव्हता. दलालाची नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. आमच्यापैकी बहुतेकांना हे तिकडे पोहोचल्यावर कळते, ही खरी रड आहे.

खतावणी

गडी यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले. आता कातळवाट, आपण आपल्याच आकड्यांनी एक गोष्ट पाहू. महिन्याला सरासरी ३३,६०० रुपये आले. त्यातून १२,००० घरखर्च आणि ४,२०० व्याज वजा केले की १७,४०० उरतात. आठ महिन्यांत ते १,३९,२०० होतात. म्हणजे नवव्या महिन्यात मुद्दल फिटू शकले असते आणि व्याज ८४,००० ऐवजी ३७,८०० वर थांबले असते. वाचले असते ४६,२०० रुपये, म्हणजे तीन वर्षांच्या सगळ्या पाठवणावळीपेक्षा जास्त. हेच कर्ज घरातले सोने बँकेत तारण ठेवून दरमहा एक टक्क्याच्या आसपास मिळाले असते, तर गोष्ट आणखी वेगळी होती.

तेव्हा प्रश्न असा उरतो की सहाव्या-सातव्या महिन्यात घरात काय झाले?

कातळवाट

सहाव्या महिन्यात घराचे काम काढले. जुने घर कौलारू होते आणि पावसाळ्यात दोन खोल्या गळत. पण खरे सांगायचे तर घाई गळतीची नव्हती. वाडीत ज्यांची मुले बाहेर आहेत त्या सगळ्यांच्या घरांवर स्लॅब पडला होता आणि आईला वाटे की मुलगा दुबईला आहे हे आमच्याही घराकडे पाहून कळावे. मी तिला दोष देत नाही. मीही तेव्हा नाही म्हटले नाही.

चिरेखाण

मी याच भागात बांधकामाची लहान कंत्राटे घेतो, म्हणून माझी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. परदेशचा पैसा घरात घातला की तो वाया गेला असा एक सूर नेहमी ऐकू येतो आणि तो मला मान्य नाही. अडीच लाखांच्या कामात माझ्या अनुभवाप्रमाणे निम्म्याहून थोडे अधिक सिमेंट-सळईला, म्हणजे जिल्ह्याबाहेर जाते, हे खरे. पण चिरा इथल्याच खाणीचा असतो, टेम्पो इथल्याच माणसाचा, आणि गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाला यांच्या चुली त्यावरच पेटतात. एका घराचे काम म्हणजे माझ्याकडच्या सात-आठ माणसांना दोन महिने रोजगार.

आपल्या कोकणाला तर हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांतून मनिऑर्डर येत असत तेव्हाही गावचा वाणी, शिंपी आणि होडीवाला त्यावरच जगत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि तो झरा आटला. आखातात जाणारी माणसे सत्तरच्या दशकातच तेलाच्या पैशामागे निघाली होती. त्यामुळे मनिऑर्डर थांबली तरी काही गावांना दुसरा झरा मिळाला. ज्या गावांना तो मिळाला नाही ती आज कशी दिसतात ते आपण पाहिले असेलच.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहतो ती सांगतो. इथली तरुण मुले बाहेर गेली, म्हणून माझ्याकडे गवंडीकामाला विजापूरकडचे लोक आहेत आणि आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे आहेत. दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी ते बाजारपेठेत जाऊन घरी पैसे लावतात. म्हणजे दुबईहून राजापूरला आलेल्या दिरहमचा एक तुकडा तसाच पुढे नेपाळात एखाद्या घरी जातो.

न्यूजर्सीकर

चर्चा आवडली. मलाही एक शंका विचारायची आहे. मी दरमहा आईला पुण्याला पैसे पाठवतो. अमेरिकेने बाहेर पाठवल्या जाणाऱ्या पैशावर कर बसवला आहे, तेव्हा मी आताच मोठी रक्कम एकदम पाठवून ठेवावी का? आणि दुबईवाल्यांनाही तो लागतो का?

खतावणी

न्यूजर्सीकर, आपला प्रश्न या धाग्याच्या कडेचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तो कर अमेरिकेपुरता आहे. चर्चेत पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली आणि शेवटी १ जानेवारी २०२६ पासून एक टक्का लागू झाला. तोही रोख रक्कम, मनिऑर्डर किंवा तत्सम साधनाने पैसे पाठवणाऱ्यांना. आपण अमेरिकेतील बँक खात्यातून किंवा तेथील कार्डाने पाठवत असाल तर तो लागत नाही. दुबईचा त्याच्याशी संबंध नाही.

बाणकोट खाडी

मी सहसा केवळ वाचते, पण कातळवाट यांची वही पाहून लिहावेसे वाटले. माझे यजमान कुवेतमध्ये आहेत, या वर्षी चौदा वर्षे होतील. सुरुवातीची दोन वर्षे आमच्याकडे पैसे हुंडीने येत. तिकडे ते एका ओळखीच्या माणसाकडे दिनार देत आणि दुसऱ्या दिवशी इकडे मोटारसायकलवरून एक मुलगा येऊन, मोबाईलवर आलेला नोटेचा क्रमांक पडताळून, दारात रोख देऊन जाई. दर बँकेपेक्षा थोडा चढा मिळे आणि शुल्क काहीच नसे. सासूबाईंना ते फार सोयीचे वाटे, कारण बँकेची शाखा आमच्यापासून दीड तासावर होती.

नंतर आम्ही घरासाठी कर्ज मागायला गेलो, तेव्हा बँकेने दोन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा मागितला. यजमान दोन वर्षे महिन्याला तीस हजार पाठवत होते, पण त्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. अधिकाऱ्यांच्या हिशेबी ती दोन वर्षे ते जणू कमावतच नव्हते. कर्ज नाकारले गेले. त्याच सुमारास एका महिन्याचे पैसे पोहोचलेच नाहीत. तो मुलगा म्हणे वरून आले नाहीत आणि तिकडचा माणूस म्हणे मी दिले. तक्रार कोणाकडे करणार? पोलिसांकडे जायचे तर आधी आपणच काय करत होतो ते सांगावे लागले असते.

त्यानंतर यजमानांनी स्वतःच्या नावाने एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचे परदेशी कमाईसाठीचे खाते काढले आणि त्यावर आधी सासऱ्यांना, मग मला मुखत्यार केले. आता घरखर्च मी त्यातून काढते आणि उरलेले तेथेच राहते. काका, आम्ही केले ते बरोबर आहे ना, आणि कातळवाट यांनाही ते चालेल का?

खतावणी

ताई, आपण केले ते अगदी बरोबर आहे. हुंडीबद्दल एवढेच सांगतो की अधिकृत व्यक्तीखेरीज दुसऱ्या मार्गाने बाहेरचा पैसा घेणे हा फेमा या परकीय चलन कायद्याचा भंग आहे आणि दंड त्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. चढ्या दराने मिळणारे शंभर-दोनशे रुपये आपण सांगितलेल्या किमतीपुढे काहीच नाहीत.

कातळवाट, आपल्यासाठी मी असे सुचवेन. भावाने स्वतःच्या नावाने एनआरई खाते उघडावे. पारपत्र, व्हिसा आणि तिकडच्या ओळखपत्राच्या साक्षांकित प्रती देऊन ते तिकडे बसूनही होते. महिन्यातून एकदा पूर्ण १,५०० दिरहम त्यात यावेत. घरखर्चाची ठरलेली रक्कम दर महिन्याला वडिलांच्या खात्यात वळती करण्याची सूचना त्याने स्वतः बँकेला देऊन ठेवावी, म्हणजे रोज कोणी कोणाकडे मागायला नको. अडीनडीला आपल्याला मुखत्यार नेमता येईल. मुखत्याराला त्या खात्यातून येथील खर्चासाठी पैसे काढता येतात, पण कोणाला भेट देता येत नाही, हे ध्यानात ठेवा. उरलेल्या रकमेची मुदत ठेव करावी. तो अनिवासी आहे तोवर तिचे व्याज भारतात करमुक्त असते. मात्र ही ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज अजिबात मिळत नाही, म्हणून सगळी रक्कम एका ठेवीत अडकवू नका.

आणखी एक. गावच्या बँकेत त्याचे जुने बचत खाते तसेच चालू असेल. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाला साधे निवासी खाते ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या पैशासाठीच्या खात्यात बदलून घ्यावे लागते. ही चूक दहांतल्या आठ घरांत मी पाहिली आहे.

कातळवाट

जुने खाते आहे आणि ते तसेच आहे. उद्याच चौकशी करतो.

एक प्रश्न बाकी आहे आणि तो विचारताना अवघड वाटते. वडिलांच्या खात्यात पैसे आले ते कायद्याने वडिलांचे झाले ना? घरही वडिलांच्या जागेवर आहे आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीला त्यांचेच नाव आहे. वडिलांच्या मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण असे चार वारस होतो. म्हणजे ज्याच्या पैशाने भिंती उभ्या राहिल्या त्याचा वाटा एक चतुर्थांश?

खतावणी

वडिलांनी मृत्युपत्र केले नाही तर कागदावर तसेच आहे. बँकेत पैसा येताना त्याला एक हेतू-संकेतांक लागतो. आपल्या नोंदींवर बहुधा P1301 असेल, म्हणजे कुटुंबाचा चरितार्थ आणि बचत. त्यावरून पैसे कोणी पाठवले हे सिद्ध होते, पण घर त्याचे आहे हे सिद्ध होत नाही. हा बँकेचा प्रश्न नाही आणि मी वकील नाही, म्हणून याच्या पुढे जात नाही. पावत्या आणि पासबुके मात्र जपून ठेवा.

परतलेला गडी

या विषयावर मी बोलू शकतो, कारण माझे हेच झाले. अकरा वर्षे मी भावाच्या खात्यात पाठवले. भाऊ प्रामाणिक आहे, आजही माझ्या पाठीशी उभा आहे. पण परत आल्यावर धंद्यासाठी कर्ज मागायला गेलो, तेव्हा तारण ठेवायला माझ्या नावावर काही नव्हते. शेवटी हाताशी आले ते तिकडचे सेवासमाप्तीचे पैसे.

तुमच्या भावालाही ते मिळतील, म्हणून आत्ताच त्याला करारपत्र पाहायला सांगा. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे एकवीस दिवसांचा आणि त्यानंतर तीस दिवसांचा पगार धरतात, पण तो मूळ पगार, भत्त्यांसह नव्हे. समजा २,२०० पैकी मूळ पगार १,३०० दाखवला असेल, तर तीन वर्षांचे २,७३० दिरहम होतात, म्हणजे ६३,००० रुपयांच्या आत-बाहेर. पूर्ण पगारावर धरून आशा लावून बसला तर फार निराशा होईल. ती रक्कम येईल तेव्हा ती त्याच्याच खात्यात यावी एवढे मात्र पाहा.

सरळमार्गी

माझ्या पहिल्या प्रतिसादातली चूक दाखवल्याबद्दल आभार. आता मला मोठ्या चित्राविषयी विचारायचे आहे. देशात परदेशी कामगारांकडून सर्वाधिक पैसा महाराष्ट्रात येतो असे आकडे आले होते, केरळच्या तिप्पट. मग आपल्या कोकणातल्या गावांत तो दिसत का नाही?

खतावणी

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२०-२१ साली महाराष्ट्राचा वाटा ३५.२ टक्के आणि केरळचा १०.२ टक्के होता, हे बरोबर आहे. पण त्याच पाहणीत २०१६-१७ साली महाराष्ट्र १६.७ आणि केरळ १९ होते, आणि २०२३-२४ साली महाराष्ट्र २०.५ व केरळ १९.७ आहेत. सात वर्षांत एखाद्या राज्याची माणसे दुप्पट होऊन पुन्हा जवळपास निम्मी होत नाहीत. माझ्या कामाच्या अनुभवावरून वाटते की अशा आकड्यांत पैसा कोणत्या शाखेत उतरला याचा मोठा वाटा असतो आणि मुंबईत शाखा व मुख्य कार्यालये फार आहेत. साथीच्या काळात आखातातून परतलेल्यांमुळे केरळचा वाटा खरोखर घटला होता असेही काही जण मानतात. दोन्हींचे प्रमाण किती, हे मी ठामपणे सांगणार नाही. कोकणाचा निष्कर्ष मात्र त्या ३५ टक्क्यांवरून काढू नये.

कातळवाट यांच्या वहीचा देशाच्या वहीशी एक संबंध आहे, तो सांगण्यासारखा आहे. भाऊ वडिलांच्या खात्यात पैसे पाठवतो तेव्हा ते लगेच देशाला मिळालेले खासगी हस्तांतरण म्हणून नोंदले जातात. तेच त्याने आपल्या एनआरई खात्यात ठेवले तर ती ठेव, म्हणजे देशावरचे देणे, कारण तो ते कधीही बाहेर नेऊ शकतो. त्या खात्यातून घरखर्चासाठी रुपये काढले की मग तेवढा भाग हस्तांतरण होतो. रक्कम तीच आणि माणूस तोच, पण पहिला पैसा परत जात नाही आणि दुसरा जाऊ शकतो.

याचा अर्थ काय ते १९९० मध्ये आम्ही शाखेत बसून पाहिले. २ ऑगस्टला इराकने कुवेत घेतले. एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. त्यांच्या घरी दरमहा येणारा पैसा एका आठवड्यात थांबला, तेल महागले आणि त्याच वेळी अनिवासी ठेवी बाहेर जाऊ लागल्या. पुढच्या वर्षी देशाला सोने परदेशी गहाण ठेवावे लागले, त्यामागे इतरही कारणे होती, पण हे एक होते. कुवेतहून रिकाम्या हाताने परतलेली माणसे तेव्हा आमच्या काउंटरवर कुवेती दिनारच्या नोटा घेऊन उभी असत आणि आम्हाला त्या बदलून देता येत नव्हत्या. ते चेहरे मला अजून आठवतात.

आज एकूण रक्कम फार मोठी आहे. २०२३-२४ साली ती ११८.७ अब्ज डॉलर होती, म्हणजे मालाच्या आयात-निर्यातीतल्या तुटीच्या जवळपास निम्मी. आणि ती आता एकट्या आखातावर अवलंबून नाही. अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, अमिरातीचा १९.२ आणि आखाती सहा देशांचा मिळून ३८ टक्क्यांच्या जवळ आहे. देशाच्या दृष्टीने धोका विभागला गेला. राजापूरच्या एका वाडीतल्या घराच्या दृष्टीने मात्र तो अजूनही एकाच नोकरीवर आणि एकाच व्हिसावर आहे.

चिरेखाण

काका, म्हणजे देशाच्या हिशेबाने वडिलांच्या खात्यात आलेला पैसा चांगला आणि भावाच्या हिशेबाने स्वतःच्या खात्यातला चांगला, असेच ना?

खतावणी

नोंदीपुरते तसे म्हणता येईल. पण भावाने देशाचा ताळेबंद सांभाळण्याची गरज नाही. त्याने आपला सांभाळावा.

कातळवाट

काल रात्री भावाला फोन केला आणि हा सगळा धागा वाचून दाखवला. एनआरई खात्याचा अर्ज तो या शुक्रवारी भरणार आहे. महिन्यातून एकदाच पाठवायचे, घरखर्चाला १२,००० वळते करायचे आणि उरलेल्यातली निम्मी रक्कम वर्षाच्या ठेवीत ठेवायची असे ठरले. वरच्या मजल्याचे काम थांबवले आहे. आई थोडी नाराज झाली, पण पासबुक तिला दाखवल्यावर ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "त्याला आधीच विचारायला हवे होते."

घराच्या नावाचा विषय वडिलांपुढे काढायचे धाडस अजून झालेले नाही.

बाणकोट खाडी

दादा, एक गोष्ट आत्ताच बोलून घ्या. मुखत्यार तुम्ही होणार आहात, पण भावाचे लग्न होईल तेव्हा काय? माझ्या बाबतीत तो अधिकार सासऱ्यांकडून माझ्याकडे यायला चार वर्षे लागली आणि त्या चार वर्षांत औषधाला पैसे हवे असले तरी मला मागावे लागत. भावाला विचारून ठेवा की तेव्हा ते नाव तो बदलणार आहे का.

कातळवाट

ताई, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. शुक्रवारी तो अर्ज भरेल, तेव्हा त्याच्याशी बोलतो आणि येथे येऊन कळवतो.